लग्नाच्या कॅसेटमधला कंगवा

नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून ‘कॉम्प्युटरमध्ये भरून’ आणली, की ती बघताना बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते. भटजी पाटावर स्वस्थ बसलेले असतात तोवर सगळं ठीक दिसतं. मग अंतरपाट बाजूला होतो, नवरा-नवरी हार घालायला हात उचलतात आणि त्या हातांच्या कडा एकदम विस्कटतात. बोटांच्या जागी बारीक आडव्या रेघांची झालर दिसू लागते. एक रेघ डावीकडे, तिच्या खालची उजवीकडे, त्याखालची पुन्हा डावीकडे. हार घालून झाले, हात खाली आले, की चित्र परत स्वच्छ. ‘कॅसेट जुनी झाली, आता असंच दिसणार,’ असं म्हणून मंडळी विषय संपवतात, आणि दुकानदारही बहुधा मान डोलावतो.

खरं तर कॅसेट खराब झाल्याची लक्षणं वेगळी असतात. टेपवरचा लेप उडाला असेल तर पांढऱ्या रेघा चमकून जातात. चित्राच्या अगदी तळाशी चार-सहा ओळींची फाटलेली पट्टी दिसते, ती व्हीसीआरचं हेड बदलण्याच्या क्षणाची असते आणि ती नव्या कॅसेटमध्येही असते. रंग ओघळतात, चित्र थरथरतं. हे सगळं माणूस हलो वा न हलो, दिसतच राहतं. पण कंगव्याच्या दातांसारख्या या रेघा फक्त हलणाऱ्या वस्तूच्या कडेला येतात आणि वस्तू थांबली की नाहीशा होतात. हा टेपचा दोष नव्हे. टेपवर जे नोंदलं गेलं ते बरोबरच आहे, ते आजच्या पडद्यावर मांडताना गोंधळ झाला आहे. हा गोंधळ बऱ्याच अंशी निस्तरता येतो. त्यासाठी आधी तो होतो कसा ते पाहायला हवं.

टीव्ही जन्माला येत होता तेव्हा अभियंत्यांपुढे एक अडचण होती. चित्र लुकलुकू नये म्हणून पडदा सेकंदाला निदान पन्नासदा उजळायला हवा होता. पण सेकंदाला पन्नास संपूर्ण चित्रं हवेतून पाठवायची तर प्रक्षेपणाची जागा फार लागणार होती. यातून काढलेली पळवाट म्हणजे इंटरलेसिंग. आधी चित्राच्या एकाआड एक ओळी पाठवायच्या, पहिली, तिसरी, पाचवी अशा, आणि पुढच्या खेपेला दुसरी, चौथी, सहावी. प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते. १९३० च्या सुमारास जर्मनीत टेलिफुंकनचे फ्रिट्झ श्र्योटर आणि त्यानंतर लगेच अमेरिकेत आरसीएचे रँडल बॅलर्ड यांनी या कल्पनेची पेटंटं मागितली. बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनहून नियमित प्रसारण सुरू केलं, त्यात ४०५ ओळींची इंटरलेस पद्धत होती. पुढे भारताने पाल पद्धत स्वीकारली. तिच्यात चित्राच्या ५७६ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजेच ५० फील्ड. दूरदर्शन पालमध्ये, व्हीसीआर पालमध्ये, आणि लग्नाच्या मांडवात खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरणारा शूटिंगवालाही पालमध्येच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅमेरा आधी पूर्ण फोटो काढून मग त्याचे दोन भाग करत नसे. तो विषम ओळी एका क्षणी टिपायचा आणि सम ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाने. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत गुंफलेली असतात. हार घालणारा हात पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सेकंदात जातो असं धरू. चित्राची रुंदी ७२० ठिपक्यांची असेल, तर दोन फील्डांच्या मधल्या वेळात तो हात १४ ठिपके पुढे सरकलेला असतो. विषम ओळींवर हात एका जागी, सम ओळींवर १४ ठिपके पुढे. दाते म्हणतात ते हेच, आणि त्यांची लांबी हा हाताच्या वेगाचा हिशेब असतो. भटजी बसलेले असतात तेव्हा दोन्ही क्षण सारखेच, म्हणून तिथे दाते नसतात.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे कुणाला का दिसलं नाही? कारण तो टीव्हीही एकाआड एक ओळीच रंगवत असे. सम ओळी उजळेपर्यंत विषम ओळी मावळलेल्या असायच्या. दोन क्षण कधी एकत्र दिसायचेच नाहीत, डोळ्याला फक्त सलग, मऊ हालचाल जाणवायची. आजचा एलसीडी पडदा, मोबाइल किंवा लॅपटॉप अख्खी फ्रेम एकदम दाखवतो, दोन्ही क्षण एकमेकांवर ठेवून. इंटरलेस सिग्नल थेट आला तर आजचे टीव्हीही आतल्या आत तो सुधारून घेतात. पण फाइल बनवणाऱ्याने ती ‘इंटरलेस आहे’ ही खूणच पुसली असेल, तर टीव्हीला सुधारायचं काही आहे हेच कळत नाही.

या फील्डांपासून पुन्हा पूर्ण चित्रं बनवण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात. ते अनेक तऱ्हांनी करतात आणि त्यांतल्या सोप्या तऱ्हा वाईट आहेत. एक म्हणजे दोन्ही फील्डांची सरासरी काढायची. दाते जातात, पण प्रत्येक हलणाऱ्या हाताशेजारी त्याचं पुसट भूत उभं राहतं आणि वरमाला घालणारी नवरी चतुर्भुज दिसते. दुसरी तऱ्हा म्हणजे एक फील्ड फेकून द्यायचं आणि उरलेल्या २८८ ओळी ताणून ५७६ करायच्या. इथे दातेही जातात आणि त्यांच्याबरोबर निम्मा तपशीलही. गावोगावच्या दुकानांत बनणाऱ्या फाइलींत या दोन्ही तऱ्हा सर्रास सापडतात, कारण त्या झटपट होतात.

चांगली तऱ्हा अशी असते की गाळलेल्या ओळीतला प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे तपासला जातो. ही जागा हलते आहे का? मागच्या आणि पुढच्या फील्डमध्ये इथे तेच असेल, तर वस्तू स्थिर आहे, मग शेजारच्या क्षणातली खरी ओळ जशीच्या तशी उचलता येते. मांडवाचा खांब, मागची भिंत, भटजींचं उपरणं यांचा तपशील त्यामुळे पूर्ण राहतो. जागा हलत असेल तर शेजारच्या क्षणावर विसंबता येत नाही, मग त्याच फील्डमधली वरची आणि खालची ओळ पाहून, कडेच्या तिरकेपणाचा अंदाज घेत, मधला ठिपका भरला जातो. मिखाएल नीडरमायर यांनी लिहिलेला yadif नावाचा फिल्टर बरीच वर्षं हेच करत आला आहे. त्याचा सुधारलेला भाऊ म्हणजे bwdif. त्यात बीबीसीचे संशोधक मार्टिन वेस्टन यांच्या तीन फील्ड एकत्र पाहणाऱ्या पद्धतीची भर आहे. हे दोन्ही ffmpeg या फुकट मिळणाऱ्या साधनात आहेत.

आता महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक लोक या फिल्टरना दोन फील्डांतून एक चित्र करायला लावतात. सेकंदाला ५० क्षण टिपलेले असताना हाती २५ लागतात. दाते जातात, पण हालचाल अडखळत चालते, आणि ‘जुन्या टीव्हीवर छान दिसायचं, आता काहीतरी वेगळंच वाटतं’ असं आजी म्हणते. तिचं निरीक्षण अचूक असतं. प्रत्येक फील्डपासून एक स्वतंत्र पूर्ण चित्र बनवलं, तर सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि तो मूळ मऊपणा परत येतो. bwdif मध्ये या पर्यायाचं नाव send_field, आणि हँडब्रेक या सोप्या प्रोग्रॅममध्ये त्याला Bob म्हणतात. हँडब्रेक वापरताना फिल्टर्सच्या पानावर Bob निवडून फ्रेमरेटच्या खान्यात ५० हा आकडाही स्वतः निवडावा, नाहीतर मिळवलेली निम्मी चित्रं पुन्हा गळण्याची शक्यता राहते.

समजा, तीन तासांची एक कॅसेट आहे. तिचं चित्र जुन्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यातून फिरवून डीव्ही फाइलमध्ये घेतलं आहे आणि फाइलचं नाव lagna.avi आहे. डीव्हीचं तासाला साधारण १३ जीबी होतं, म्हणजे ही फाइल ४० जीबीच्या आसपास जाईल. पहिलं काम म्हणजे ती खरंच इंटरलेस आहे का, आणि कोणतं फील्ड आधीचं आहे, हे शोधणं. काही फाइलींत विषम ओळींचं म्हणजे वरचं फील्ड आधी येतं, काहींत सम ओळींचं म्हणजे खालचं. डीव्हीमध्ये नेहमी खालचं आधी असतं. यूएसबीच्या स्वस्त कॅप्चर डबीतून घेतलेल्या पाल फाइलींत बहुधा वरचं आधी असतं. फाइलच्या माहितीत लिहिलेलं असतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. भरपूर हालचाल असलेला तुकडा निवडून तपासावं, म्हणजे मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात आणि लोक उठतात तो. इथे तो चाळिसाव्या मिनिटाला आहे असं धरलं आहे:

```
ffmpeg -ss 00:40:00 -i lagna.avi -vf idet -frames:v 1000 -an -f null -
```

हजार फ्रेम, म्हणजे ४० सेकंद, तपासून झाल्यावर शेवटच्या ओळींत TFF, BFF, Progressive आणि Undetermined यांपुढे आकडे येतात. BFF पुढे नऊशेच्या आसपास आणि TFF पुढे दोन-चार असतील, तर खालचं फील्ड आधी हे नक्की झालं. भटजी निवांत बसलेल्या तुकड्यावर हीच चाचणी केली तर Progressive किंवा Undetermined चे आकडे फुगतात आणि फाइल इंटरलेस नाहीच असा गैरसमज होतो. स्थिर चित्रातून फील्डांचा क्रम कळूच शकत नाही.

क्रम चुकला तर काय होतं? क्षण १, २, ३, ४ असे यायच्या ऐवजी २, १, ४, ३ असे येतात. हात पुढे जातो, किंचित मागे येतो, उडी मारतो, पुन्हा मागे येतो. सगळी वरात झटके आल्यासारखी थरथरत चालते. ही चूक इतकी ढळढळीत असते की दहा सेकंदांचा तुकडा बनवून पाहिला तरी कळते, म्हणून तीन तासांचं काम लावण्याआधी तो तुकडा बनवावाच. तो ठीक निघाला की पुढची आज्ञा:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=bff,scale=1440:1080,setsar=1" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac lagna.mp4
```

यात parity=bff म्हणजे खालचं फील्ड आधी. वरचं आधी निघालं असतं तर तिथे tff. crf चा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, आणि १८ हा घरगुती कामाला पुरेसा आहे. scale मुळे चित्र १०८० ओळींचं होतं, आणि त्यामागे एक व्यवहारी कारण आहे. यूट्यूब सेकंदाला ५० किंवा ६० चित्रं ७२० ओळींपासून पुढेच दाखवतं. ५७६ ओळींची फाइल चढवली तर इतक्या कष्टाने मिळवलेली निम्मी चित्रं तिथे गळतात. नवा तपशील मोठं केल्याने येत नाही, येणारही नाही.

मात्र त्या आज्ञेतला क्रम पाहा. आधी bwdif, मग scale. याच्या उलट केलं तर चित्र कायमचं जातं. ५७६ ओळींची फ्रेम तशीच दाबून ४८० ची केली, की शेजारशेजारच्या ओळी, म्हणजे दोन वेगळे क्षण, एकमेकांत कालवले जातात. मग दाते राहत नाहीत, त्यांच्या जागी जाडसर, पुसट लाटा येतात आणि कोणताही फिल्टर त्यांतून मूळ फील्ड वेगळी करू शकत नाही. आपल्याकडची फाइल कोणत्या वर्गातली आहे हे ओळखणं सोपं आहे. हात हलत असताना चित्र थांबवावं आणि मोठं करून पाहावं. दाते अगदी एकेका ओळीचे आणि धारदार असतील तर फाइल वाचते. ते जाड, धुरकट किंवा पट्ट्यापट्ट्यांचे असतील तर कॅसेट पुन्हा भरून घेण्याशिवाय इलाज नाही.

मधली एक अवस्थाही असते. दुकानातून आलेली एमपी४ फाइल ५७६ ओळींचीच असते, दाते धारदार असतात, पण ती बनवताना ‘इंटरलेस’ हा पर्याय निवडलेला नसतो. अशा फाइलवर वरची आज्ञा चालते आणि कडा सुधारतात, पण रंग पूर्ण सुधारत नाहीत. या फाइलींत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या ओळींतच साठवलेली असते, आणि पर्याय चुकल्यामुळे दोन क्षणांचे रंग आधीच मिसळलेले असतात. त्यामुळे हिरवा शालू वेगाने वळतो तेव्हा त्याच्यामागे हिरवी सावली फरफटत जाते. ती तशीच राहणार.

bwdif चं काम चांगलं असलं तरी निर्दोष नाही. पैठणीच्या काठातल्या बारीक आडव्या रेघा, पायऱ्यांच्या कडा, खिडकीचे गज अशा जागी चित्र किंचित लुकलुकतं. एका ओळीइतकी बारीक रेघ एकाच फील्डमध्ये असते, दुसऱ्यात नसते, म्हणून ती येत-जात राहते. ज्यांना हेही नको, ते एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ वापरून QTGMC चालवतात. ते प्रत्येक वस्तू कुठून कुठे सरकली याचा माग काढतं आणि आजूबाजूच्या कित्येक क्षणांतून ओळ उभी करतं. निकाल डोळ्यांत भरतो, पण वेळ कितीतरी पट लागतो, आणि सढळ हाताने वापरलं तर चेहरे मेणाचे दिसू लागतात. कुटुंबापुरत्या वापराला bwdif पुरतं असं मानायला हरकत नाही.

जुन्या कॅसेटमधलं सगळंच डीइंटरलेस करायचं नसतं, हेही सांगायला हवं. त्याच कॅसेटवर उरलेल्या जागेत कुणी दूरदर्शनवरचा रविवारचा चित्रपट भरून ठेवलेला असतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेला असतो. पाल देशांत तो थोडा वेगाने, २५ फ्रेमने चालवला जायचा, म्हणून १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपायचा. इथे एका फ्रेममधली दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. त्यामुळे दाते नसतात, आणि नसलेले दाते काढायला फिल्टर लावला तर चांगलं चित्र उगाच पुसट होतं. अशा चित्रपटात दाते दिसलेच, तर बहुतेक वेळा फील्डांची जोडी एका घराने सरकलेली असते. तिथे डीइंटरलेस न करता fieldmatch फिल्टरने जोड्या नीट लावल्या की मूळ फ्रेम जशीच्या तशी परत मिळते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटचं गणित आणखी निराळं. ती एनटीएससी असते, चित्राच्या ४८० ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० फील्ड. तिथल्या घरच्या बारशाचं चित्रण वरच्याच पद्धतीने सुधारतं, फक्त शेवटी ५० ऐवजी जवळपास ६० चित्रं मिळतात आणि ती तेवढीच ठेवावीत. ५० करायच्या नादात नवे धक्के बसतात.

आणि कॅसेटऐवजी घरात २००० नंतरची लग्नाची व्हीसीडी असेल, तर तिच्यात दाते शोधू नयेत. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मिक्सिंग करणाऱ्याने बनवतानाच निम्म्या ओळी आणि निम्मे क्षण सोडून दिलेले असतात. ती कोणत्याही साधनाने दुरुस्त होत नाही. त्याच लग्नाची कॅसेट माळ्यावर असेल तर व्हीसीडी बाजूला ठेवून ती खाली काढावी.

डीइंटरलेस केलेल्या फाइलमधून मूळ फील्ड पुन्हा काढणं व्यवहारात जमत नाही, म्हणून lagna.avi खोडू नये. कॅसेट दुकानात देतानाच सांगावं, की ‘दाते काढू नका, आकार बदलू नका, डीव्हीची मूळ फाइल हार्डडिस्कवर द्या.’ एमपी४ नंतर घरी कितीही वेळा बनवता येते. कॅसेट मात्र पुन्हा पुन्हा भरता येईलच असं नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी मानली जाणारी जपानची फुनाई हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केलं, आणि आज दुकानांत चालतात ती सगळी यंत्रं त्याआधीची आहेत.